रस्त्याची आखणी वनातून आणि पाण्यातून किती मीटर जाते: क्यूजीआयएसमध्ये लांबी काढून तक्ता करण्याची पद्धत

रस्त्याची प्रस्तावित आखणी हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातले किती किलोमीटर वनात आहे, आणि पाणी किती ठिकाणी आडवे येते? क्यूजीआयएस उघडायचे, दोन लेअर एकावर एक टाकायचे, `Intersection` चालवायचे आणि लांबीची बेरीज करायची, असे वाटते. पाच मिनिटांत आकडा येतोही. मात्र तो आकडा बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि चूक पडद्यावर दिसत नाही. त्यामुळे या लेखात बटणांपेक्षा जास्त जागा आकडा कुठे फसवतो आणि ते कसे ओळखायचे याला दिली आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्ह्यातला राधानगरी–दाजीपूर परिसर घेऊ. राखीव वन, अभयारण्य, धरणाचा जलाशय आणि घाटातले ओढे असे सगळेच तिथे एकमेकांना खेटून आहे. मार्ग मात्र सरावासाठी कल्पिलेला आहे. लांबी 12,480 मीटर, रस्त्याची हद्द 24 मीटर रुंद, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 12 मीटर. पुढचे सगळे आकडे याच कल्पित मार्गाचे आहेत. तुमच्या मार्गावर आकडे वेगळे येतील, पण चुका याच निघतील.

आधी ठरवा: "वन" म्हणजे कोणता लेअर

नवखा माणूस इथे सर्वात आधी अडखळतो, आणि त्याचे एक कारण भाषेत आहे. "संरक्षित वन" ही भारतीय वन अधिनियम 1927 मधली एक वर्गवारी आहे, कलम 29 खाली येणारी. "संरक्षित क्षेत्र" म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खालची अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने. नावे जवळची असली तरी कायदे वेगळे आहेत आणि परवानगीच्या वाटाही वेगळ्या. "राखीव वन" ही तिसरी गोष्ट, त्याच 1927 च्या अधिनियमातली पण जास्त कडक. दाजीपूरसारख्या भागात एकाच जमिनीवर राखीव वन आणि अभयारण्य दोन्ही असू शकतात. उलट अभयारण्याच्या हद्दीत महसुली आणि खासगी जमीनही असते. हे तिढे पुढे बेरीज करताना थेट आड येतात.

दुसरी गल्लत उपग्रहावरून केलेल्या वनाच्छादनाच्या नकाशाची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात येते, मग ती कोणाच्याही मालकीची असो. म्हणजे कोकणातली आंब्याची बागही हिरवी दिसते, आणि राखीव वनातला उघडा सडा हिरवा दिसत नाही. त्या लेअरवरून काढलेली लांबी "झाडी किती तुटेल" याचा अंदाज देते. "वनजमीन किती जाते" या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. त्यासाठी अधिसूचित हद्दीचा लेअर लागतो: वन विभागाकडचा, नाहीतर राजपत्र आणि गट नकाशावरून तयार केलेला. ओपनस्ट्रीटमॅपवर अभयारण्यांच्या हद्दी सापडतात. पहिल्या अंदाजाला त्या चालतात, अधिकृत तक्त्याला नाही.

विदर्भात काम असेल तर झुडपी जंगल वेगळे विचारून घ्या. महसुली नोंदीतल्या या जमिनी वन विभागाच्या लेअरमध्ये असतीलच असे नाही, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वन मानले आहे.

आखणीची फाइल तपासणे

आखणी बहुधा केएमएल किंवा डीएक्सएफ स्वरूपात येते. केएमएलमध्ये अक्षांश-रेखांश असतात, म्हणजे `EPSG:4326`. डीएक्सएफमध्ये निर्देशांक कोणत्या पद्धतीचे आहेत हे फाइल सांगत नाही, ते सल्लागारालाच विचारावे लागते. अंदाजाने नाव चिकटवू नका.

फाइल उघडल्यावर गुणधर्मांचा तक्ता पाहा. एकाच फाइलमध्ये मार्गाचे दोन पर्याय, जुना रस्ता आणि पुलांच्या खुणा असे सगळे कोंबलेले असते. हवी ती रेषा निवडून वेगळ्या जिओपॅकेजमध्ये जतन करा. रेषा तुकड्यांत असेल तर ती जोडून एकसंध, एकाच भागाची करा, कारण पुढे साखळी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, काढताना तुकड्यांची रेषा गोंधळ घालते. रेषेची दिशाही तपासा. रेषेच्या शैलीत बाण लावला की ती शून्य साखळीकडून निघते की उलटी आहे हे लगेच दिसते. उलटी असेल तर `Reverse line direction` चालवा.

मग ती मीटरच्या प्रणालीत न्या. महाराष्ट्रासाठी यूटीएमचे दोन पट्टे लागतात. 72 ते 78 अंश पूर्व रेखांशात `EPSG:32643` आणि 78 अंशांच्या पुढे `EPSG:32644`. कोल्हापूर, पुणे, नाशिक, संभाजीनगर पहिल्यात येतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात. राधानगरी साधारण 74 अंशांवर आहे, म्हणून इथे `EPSG:32643`.

या पायरीत एक जुनी खोड आहे. लेअरवर उजवी टिचकी मारून तिथून प्रणाली बदलली की निर्देशांक आहेत तेच राहतात, फक्त त्यांच्यावरचे लेबल बदलते. 73.98 हा रेखांश मग 73.98 मीटर म्हणून वाचला जातो आणि मार्ग दूर दक्षिणेला, विषुववृत्ताजवळच्या समुद्रात एक ठिपका होऊन पडतो. ठिपका दिसला की चूक कळते, पण काही जण "झूम बरोबर नसेल" म्हणत पुढे जातात. निर्देशांक खरोखर बदलायचे असतील तर `Processing Toolbox` मधले `Reproject layer` चालवा. वन आणि पाण्याचे लेअरही याच पद्धतीने त्याच प्रणालीत आणा. क्यूजीआयएस वेगवेगळ्या प्रणालींचे लेअर पडद्यावर नीट जुळवून दाखवते, म्हणून "दिसतंय की बरोबर" यावर विसंबू नका.

आता मार्गाची लांबी काढा. `EPSG:4326` मध्ये असताना `length($geometry)` चालवले तर साडेबारा किलोमीटरचा मार्ग सुमारे 0.116 दाखवतो, कारण ते उत्तर अंशांत असते. यूटीएममध्ये 12,480 येते. त्याच रेषेवर `$length` चालवले तर साधारण 12,483 येईल, कारण `$length` प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलावर मोजते आणि यूटीएमचा सपाट कागद इथे प्रत्येक किलोमीटरमागे पाव मीटरभर आखूड मोजतो. तीन मीटरचा फरक कामाच्या दृष्टीने नगण्य आहे, पण एका तक्त्यात दोन्ही सूत्रे मिसळली तर बेरजा जुळत नाहीत आणि कारण शोधण्यात दुपार जाते. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. इथे आपण `length($geometry)` वापरू.

ही लांबी सल्लागाराच्या आराखड्यातल्या लांबीशी ताडून पाहा. केएमएल करताना वळणांचे कंस सरळ तुकड्यांत मोडले जातात, त्यामुळे काही मीटर कमी येणे समजण्यासारखे आहे. साडेबारा किलोमीटरला पन्नास-साठ मीटर कमी येत असतील तर वळणे फार ढोबळ झाली आहेत. मूळ फाइल पुन्हा मागा. घाटातल्या नागमोडी वळणांवर हे हमखास होते.

वनाचा लेअर स्वच्छ करणे

वनाच्या बहुभुजांत दोन दोष नेहमी असतात. पहिला, स्वतःला छेदणारी कड. `Fix geometries` चालवून दुरुस्त केलेला नवा लेअर घ्या. हे टाळून थेट छेद काढला तर एकतर काम थांबते, किंवा दोषी बहुभुज वगळण्याचा पर्याय सेटिंगमध्ये निवडलेला असेल तर तो बहुभुज गुपचूप गळून जातो. दुसरे जास्त वाईट. वनाचा मोठा तुकडाच हिशेबात नसतो आणि कुठेही ठळक चूक दिसत नाही.

दुसरा दोष एकावर एक बसलेल्या बहुभुजांचा. कलम 4 ची प्राथमिक अधिसूचना आणि कलम 20 ची अंतिम अधिसूचना या दोन्हींच्या हद्दी एकाच लेअरमध्ये राहिलेल्या असतात, किंवा कंपार्टमेंटचे, म्हणजे वन विभागाने क्रमांक देऊन पाडलेल्या भागांचे, तुकडे शेजाऱ्यावर थोडे चढलेले असतात. अशा जागी रस्त्याचा एकच मीटर दोनदा मोजला जातो.

उपाय `Dissolve` आहे, पण सगळ्याचा एकच गोळा केला की कंपार्टमेंट क्रमांक जातात आणि वन विभाग नेमके तेच विचारतो. म्हणून तीन प्रती ठेवा. पहिली मूळ, कंपार्टमेंटसह. दुसरी वनाच्या प्रकारानुसार एकत्र केलेली, प्रत्येक प्रकाराच्या बेरजेसाठी. तिसरीत राखीव वन आणि अभयारण्य `Merge vector layers` ने एकत्र आणून पूर्ण `Dissolve` करा. ती फक्त एकूण आकड्यासाठी. ही तिसरी प्रत का लागते ते थोड्याच वेळात कळेल.

छेद काढणे आणि साखळी बसवणे

`Vector overlay` गटातले `Intersection` घ्या, `Clip` नको. दोन्हींची रेषा सारखीच कापली जाते, पण `Clip` मध्ये वनाचे गुणधर्म तुकड्यांना चिकटत नाहीत, मग कोणता तुकडा कोणत्या प्रकारच्या वनात आहे ते कळत नाही. इनपुट म्हणून मार्ग, ओव्हरले म्हणून प्रकारानुसार एकत्र केलेला वनाचा लेअर. निकालावर लगेच `Multipart to singleparts` चालवा, म्हणजे वनात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र ओळ होईल.

लांबीचा रकाना आता नव्याने काढायचा. मूळ मार्गाच्या तक्त्यात लांबीचा रकाना असेल तर छेदानंतर तो तसाच पुढे येतो आणि प्रत्येक तुकड्यासमोर 12,480 लिहिलेले दिसते. तीन तुकडे म्हणजे 37 किलोमीटर वन, तेही साडेबारा किलोमीटरच्या रस्त्यावर. इतकी ढळढळीत चूक तरी लक्षात येते. मार्ग आधीच चार भागांत असेल आणि प्रत्येकाची जुनी लांबी पुढे आली असेल तर बेरीज पटण्यासारखी दिसते आणि चूक खपून जाते. `Field calculator` मध्ये नवा रकाना करा:

```
round(length($geometry), 1)
```

आता साखळी. बांधकाम खात्यात "वनात 2,770 मीटर" एवढ्यावर कोणाचे भागत नाही. "5/360 ते 8/130" असे सांगावे लागते. तुकड्याचे पहिले टोक मूळ मार्गावर सुरुवातीपासून किती अंतरावर येते ते असे निघते:

```
round(line_locate_point(
  geometry(get_feature('marg_utm','gid',1)),
  start_point($geometry)), 0)
```

`marg_utm` हे मार्गाच्या लेअरचे नाव, `gid` हा ओळख क्रमांकाचा रकाना. शेवटच्या टोकासाठी `end_point` लिहा. हे आकडे `pasun` आणि `paryant` अशा रकान्यांत ठेवले की किलोमीटर/मीटरच्या रूपात लिहिणे सोपे:

```
floor("pasun"/1000) || '/' ||
lpad(to_string(to_int("pasun") % 1000), 3, '0')
```

`lpad` वगळू नका. ते नसेल तर 11/045 च्या जागी 11/45 छापले जाते आणि वाचणारा 11/450 समजतो. रस्त्याची साखळी शून्यापासून सुरू होत नसेल, म्हणजे हा भाग मोठ्या रस्त्याच्या 23/400 पासून पुढचा असेल, तर सूत्रात 23400 मिळवा. जागेवर मैलाचे दगड याच साखळीने वाचले जातात.

आपल्या मार्गावर राखीव वनाचे तीन तुकडे निघाले: 1/240 ते 2/910, 5/360 ते 8/130 आणि 10/615 ते 11/045. लांबी अनुक्रमे 1,670, 2,770 आणि 430 मीटर, एकूण 4,870. अभयारण्यात मार्ग 6/020 ला शिरतो आणि शेवटपर्यंत आतच राहतो, म्हणजे 6,460 मीटर.

कधी कधी 0.4 मीटर, 1.2 मीटर असे चिमुकले तुकडेही निघतात. शेजारच्या दोन बहुभुजांच्या कडा नीट जुळलेल्या नसल्या की ते येतात. सरसकट पुसू नका. एकेकावर झूम करा, कारण दोन कंपार्टमेंटमधली फट आणि वनाच्या कोपऱ्याला खरोखर घासून जाणारा रस्ता तक्त्यात सारखेच दिसतात.

बेरीज, जी सरळ बेरीज नाही

राखीव वन 4,870 आणि अभयारण्य 6,460, मिळून 11,330 मीटर. म्हणजे 12,480 पैकी जवळपास 91 टक्के रस्ता संरक्षित जमिनीतून? नाही. 6/020 ते 8/130 हे 2,110 मीटर आणि 10/615 ते 11/045 हे 430 मीटर राखीव वनातही आहेत आणि अभयारण्यातही. एकूण 2,540 मीटर दोनदा मोजले गेले. तिसऱ्या, पूर्ण एकत्र केलेल्या प्रतीशी छेद काढला की खरा आकडा येतो: 8,790 मीटर.

हे तपासायची खात्रीची रीत म्हणजे उरलेला भाग वेगळा काढणे. त्याच तिसऱ्या प्रतीवर `Difference` चालवा. इथे 0/000 ते 1/240 आणि 2/910 ते 5/360, म्हणजे 1,240 अधिक 2,450, असे 3,690 मीटर बाहेर राहतात. 8,790 आणि 3,690 मिळून 12,480. बेरीज मीटरभराच्या आत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर तीन संशय घ्या: `$length` आणि `length($geometry)` मिसळले गेले, एखादा लेअर वेगळ्या प्रणालीत राहिला, किंवा मार्गाची रेषा फाइलमध्ये दोनदा आहे.

तक्ता असा मांडा, आणि पहिल्या दोन ओळींखाली बेरजेची रेघ ओढू नका:

| बाब | साखळी | लांबी (मी.) |
|---|---|---|
| राखीव वन | 1/240–2/910, 5/360–8/130, 10/615–11/045 | 4,870 |
| अभयारण्य | 6/020–12/480 | 6,460 |
| वरील दोन्हींत सामाईक | 6/020–8/130, 10/615–11/045 | 2,540 |
| वन किंवा अभयारण्य, एकूण | 1/240–2/910, 5/360–12/480 | 8,790 |
| दोन्हींबाहेर | 0/000–1/240, 2/910–5/360 | 3,690 |

सामाईक ओळ मुद्दाम ठेवायची. वनजमिनीच्या परवानगीसाठी पहिली ओळ लागते, वन्यजीव मंडळाकडच्या प्रस्तावासाठी दुसरी. आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर आले की कोणीतरी त्यांची बेरीज करतोच.

मध्यरेषा खोटे कुठे बोलते

वनजमीन हेक्टरमध्ये मागितली जाते. लांबीला रुंदीने गुणून क्षेत्र काढणे हा सोपा मार्ग: 4,870 गुणिले 24 म्हणजे 11.69 हेक्टर. पण मार्गाला 12 मीटरचा `Buffer` करून तो पट्टा वनाशी छेदला तर 12.29 हेक्टर येतात. 0.6 हेक्टर कुठून आले?

2/910 ते 3/770 या 860 मीटरमध्ये वनाची हद्द रस्त्याला समांतर, मध्यरेषेपासून पाच मीटरवरून जाते. मध्यरेषा बाहेर आहे म्हणून लांबीच्या तक्त्यात तिथे शून्य. पण रस्त्याची हद्द बारा मीटरपर्यंत जाते, म्हणजे सात मीटरची पट्टी वनात आहे. सात गुणिले 860 म्हणजे 6,020 चौरस मीटर, तेच 0.6 हेक्टर. मार्ग वनाला तिरका छेदतो तिथे दोन्ही बाजूंचे कमी-जास्त साधारण फिटून जाते. समांतर जातो तिथे फिटत नाही. आखणी करणारे वन टाळण्यासाठी मुद्दाम कडेकडेने रस्ता नेतात, त्यामुळे ही परिस्थिती अपवादाची नाही.

म्हणून लांबीसोबत पट्ट्याचा छेद नेहमी काढा. `Buffer` मध्ये `End cap style` हे `Flat` ठेवा, नाहीतर दोन्ही टोकांना अर्धगोल फुगवटे येऊन मार्गाबाहेरची जमीन मोजली जाईल. घाटात खोदाई आणि भराव असेल तिथे हद्द 24 मीटरवर थांबत नाही. रुंदी साखळीनुसार बदलत असेल तर मार्गाचे तितके भाग करून प्रत्येकाला त्याची रुंदी द्या.

कोनाचाही हिशेब समजून घ्या. जुन्या नकाशावरून उतरवलेली वनाची हद्द वीस मीटर सरकलेली आहे असे धरू. रस्ता तिला काटकोनात छेदत असेल तर लांबीत वीस मीटरचाच फरक पडेल. दहा अंशांच्या तिरक्या कोनात छेदत असेल तर तीच चूक रस्त्यावर 115 मीटर होते, कारण वीसला दहा अंशांच्या साइनने, म्हणजे 0.174 ने भागावे लागते. आपल्या लेअरची चूक किती हे पाहायला रस्त्यांचे चौक, धरणाची भिंत, जुने पूल अशा न हलणाऱ्या खुणा त्याच नकाशावर आणि उपग्रह चित्रावर ताडा. मग वनाचा लेअर तेवढ्याच मीटरने एकदा बाहेर आणि एकदा आत `Buffer` करून छेद पुन्हा काढा. ऋण अंतर दिले की बहुभुज आत आक्रसतो. तीन आकडे मिळतात, आणि त्यांतल्या फरकावरून कोणत्या साखळीवर जागेवर जाऊन मोजणी करावी लागेल हे कळते.

पाणी: रेषा आणि बहुभुज यांची गल्लत

पाण्याच्या लेअरमध्ये दोन जातीच्या वस्तू असतात. जलाशय, तलाव आणि रुंद नद्या बहुभुज असतात. ओढे, नाले, कालवे रेषा. बहुभुजावर वनासारखाच छेद चालतो. आपल्या मार्गावर जलाशयाचा एक फाटा 4/080 ते 4/265, म्हणजे 185 मीटर लागतो.

रेषेचा रेषेशी छेद घेतला तर मात्र बिंदू मिळतो, आणि बिंदूला लांबी नसते. `Intersection` चे उत्तर रेषांच्या लेअरमध्ये जाते, बिंदू त्यात बसत नाहीत, म्हणून तक्ता रिकामा येतो. तो पाहून "ओढ्यांशी ओव्हरलॅप नाही" असे लिहिलेले अहवाल आढळतात. घाटातल्या बारा किलोमीटरला एकही ओढा आडवा येत नाही यावर तिथला गुराखीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. रेषांसाठी `Line intersections` वापरा, बिंदू घ्या, त्यांना वरच्याच सूत्राने साखळी द्या (`start_point($geometry)` ऐवजी नुसते `$geometry`), आणि अहवालात लांबीऐवजी छेदांची संख्या लिहा.

आपल्या मार्गावर नऊ बिंदू आले. त्यांतले दोन 4/080 ते 4/265 च्या मध्ये, जलाशयाच्या पाण्यातच होते. नकाशा करणारे प्रवाह अखंड राहावा म्हणून नदीची रेषा जलाशयातूनही ओढतात, त्यामुळे तेच पाणी एकदा 185 मीटर म्हणून आणि दोनदा छेद म्हणून मोजले गेले. `Extract by location` मध्ये `disjoint` निवडून जलाशयाबाहेरचे बिंदू वेगळे केले की सात उरतात.

ओढ्यांची लांबी हवीच असेल तर रेषेला रुंदी देऊन बहुभुज करावा लागतो आणि ती रुंदी कुठून आली हे लिहावे लागते. जलसंपदा विभागाने त्या नदीवर निळी आणि लाल पूररेषा आखली असेल तर अंदाजाची गरज उरत नाही. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोल्हापूरकरांना हे शब्द नवे नाहीत. पण या रेषा प्रत्येक ओढ्यावर नसतात. जिथे नाहीत तिथे छेदांची संख्या देणे जास्त प्रामाणिक.

जलाशयाच्या 185 मीटरबद्दल आणखी एक शंका उरते: बहुभुज कोणत्या महिन्यातला आहे? मेमध्ये पाणी खाली गेलेले असते, फाटा कोरडा दिसतो आणि ओव्हरलॅप शून्यही येऊ शकतो. पावसाळ्यात धरण भरून राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात तेव्हाची कडा वेगळी. अहवालात पूर्ण संचय पातळीची हद्द वापरा. ती मिळाली नाही तर पावसाळा संपल्यावरचे, ऑक्टोबरमधले सेंटिनेल-2 चे चित्र घेऊन कडा ओढा. त्याचा एक चौकोन दहा मीटरचा असतो, म्हणजे 185 हा आकडा दोन्ही टोकांना मिळून वीसेक मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो. ऐन पावसातली चित्रे ढगांमुळे बहुधा निरुपयोगी असतात.

कागदावर काय उतरवायचे

तक्त्याखाली चार-पाच ओळींची टीप द्या: वन आणि पाण्याचा प्रत्येक लेअर कोणाकडून, कोणत्या तारखेचा, गणनेची प्रणाली `EPSG:32643`, लांबी सपाट, उतार न धरता, साखळी कोणत्या बिंदूपासून, रस्त्याची हद्द 24 मीटर. उताराचे वेगळे सांगायचे कारण असे की पाच टक्के चढावर साडेबारा किलोमीटरची खरी लांबी सोळाएक मीटर जास्त भरते आणि कोणीतरी दुचाकीच्या मीटरवर मोजून वाद घालतो. अभियंत्यांची साखळीही सपाटच असते, त्यामुळे आपली बरोबर आहे.

आकडे जवळच्या पाच मीटरला गोल करून द्या. वीस मीटर सरकू शकणाऱ्या हद्दीवरून "4,870.37 मीटर" लिहिण्याला अर्थ नाही, आणि वन विभागाच्या संयुक्त मोजणीत तो दशांश सर्वात आधी पडतो.

सोबत जिओपॅकेज द्या: मूळ मार्ग, छेदलेले तुकडे साखळीसह, ओढ्यांचे सात बिंदू आणि वेगळ्या थरात 2/910 ते 3/770 ची ती सात मीटरची पट्टी. वनजमिनीचा प्रस्ताव परिवेश पोर्टलवर भरताना केएमएल लागते, तेव्हा मध्यरेषेची नव्हे, पट्ट्याच्या वनाशी छेदलेल्या बहुभुजाची केएमएल काढा. ती काढल्यावर परत क्यूजीआयएसमध्ये उघडून क्षेत्र मोजा. केएमएल अंशांत असते, म्हणून इथे `Reproject layer` पुन्हा एकदा. 12.29 हेक्टर आले तर फाइल पाठवायला हरकत नाही.